एलडीएल वाढलं की नुसतं हललं?

साताऱ्यात राहणारे ५२ वर्षांचे एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. ते उदाहरणापुरतेच आहेत, पण त्यांच्यासारखे रिपोर्ट घेऊन आलेली माणसं कुठल्याही दवाखान्यात भेटतील. मार्चमध्ये त्यांनी लिपिड प्रोफाइल केलं. एकूण कोलेस्टेरॉल २०४, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड्स १६०, एलडीएल १२८. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या लॅब देतात त्याच मापात. डॉक्टर म्हणाले, गोळीची घाई नको, तीन महिने खाणं सांभाळा, चाला, मग पुन्हा बघू.

गृहस्थांनी मनापासून केलं. वडापाव आणि फरसाण सुटलं, साय काढलेलं दूध आलं, रोज सकाळी पाऊण तास चालणं सुरू झालं. जूनमध्ये पुन्हा रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल २२९, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स २३५, एलडीएल १४२. मार्चच्या रिपोर्टवर एलडीएलचा आकडा साधा छापलेला होता, आता तो ठळक झाला आणि शेजारी वाढल्याची खूण आली. कारण मधली १३० ची रेघ ओलांडली गेली होती. वाईट चरबी ११ टक्क्यांनी वाढली, ट्रायग्लिसराइड्स ४७ टक्क्यांनी वाढली, चांगलं एचडीएल ९ टक्क्यांनी घटलं. चारही आकडे चुकीच्या दिशेने गेले. तीन महिन्यांच्या कष्टांचं हे फळ?

या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की या दोन रिपोर्टांवरून त्यांच्या शरीरात काही बदललं, असं कुणालाच सांगता येणार नाही. यांतला एकही फरक असा नाही, जो काहीही न बदलता नुसत्या चढउताराने पडू शकत नाही. असं का, आणि किती फरक पडला म्हणजे तो खरा मानायचा, याचं गणित वैद्यकशास्त्राने केव्हाच मांडलेलं आहे. मात्र ते रिपोर्टवर छापलेलं नसतं, म्हणून रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

रक्तातलं कोलेस्टेरॉल ही उंचीसारखी स्थिर गोष्ट नाही. यकृत ते सतत बनवतं, रक्तात सोडतं आणि रक्तातून परतही घेतं. आतड्यातून काही भाग येतो, पित्तातून काही जातो. या येण्याजाण्यात प्रत्येक माणसाची स्वतःची एक पातळी ठरलेली असते, आणि त्या पातळीभोवती आकडा रोज थोडा वर, थोडा खाली हलत राहतो. हे हलणं किती, ते मोजायची पद्धत सरळ आहे. निरोगी माणसांचं रक्त ठरावीक दिवसांच्या अंतराने, त्याच वेळी, उपाशीपोटी, बसवून घेतात. नमुने गोठवून ठेवतात आणि शेवटी एका माणसाचे सगळे नमुने एकाच दिवशी एकाच यंत्रावर तपासतात, म्हणजे यंत्रामुळे पडणारा फरक कमीत कमी राहतो. जे हलणं उरतं ते त्या माणसाच्या शरीराचं. अशा अभ्यासांचे निष्कर्ष छाननी करून युरोपातली क्लिनिकल केमिस्ट्रीची संघटना एकत्र ठेवते. त्यानुसार शरीराचा हा हेलकावा एकूण कोलेस्टेरॉलमध्ये साधारण ५ टक्के, एचडीएलमध्ये सुमारे ६ टक्के, एलडीएलमध्ये ८ टक्क्यांच्या थोडा वर आणि ट्रायग्लिसराइड्समध्ये तब्बल २० टक्के असतो.

८ टक्के म्हणजे काय, तेही पाहू. एखाद्याची स्वतःची एलडीएल पातळी १३० असेल तर तीन तपासण्यांपैकी साधारण दोन १३० च्या वर किंवा खाली ८ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२० ते १४० च्या दरम्यान येतील. उरलेली तिसरी त्याच्या बाहेर पडेल. त्यात कुणाची चूक नाही, आजार नाही, औषध नाही आणि पथ्यही मोडलेलं नाही.

या हेलकाव्यामागची काही कारणं ओळखता येतात. त्यातलं एक इतकं साधं आहे की सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: रक्त देण्याआधी तुम्ही उभे होतात, बसला होतात की आडवे होतात. उभं राहिलं की पायांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी भिंतीतून झिरपून आजूबाजूच्या ऊतींमध्ये जातं. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. ते मेद आणि प्रथिनांच्या मोठ्या कणांत बांधलेलं असतं आणि हे कण पाण्याबरोबर सहज बाहेर जात नाहीत. पाणी गेलं, कण राहिले, म्हणून तेवढ्याच रक्तात ते दाट झाले. आडवं झालं की पाणी परत येतं आणि आकडा उतरतो. उभा असलेला माणूस आडवा झाला तर वीसेक मिनिटांत त्याचं एकूण कोलेस्टेरॉल १० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतं. शरीरातलं कोलेस्टेरॉल तेवढंच आहे, फक्त ते ज्या पाण्यात मोजलं ते कमीजास्त झालं.

आता हे आपल्या रोजच्या व्यवहारात ठेवून बघा. एकदा लॅबचा माणूस सकाळी साडेसहाला घरी आला आणि अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या माणसाचं रक्त घेऊन गेला. पुढच्या वेळी तोच माणूस चालत लॅबमध्ये गेला, खिडकीपाशी रांगेत उभा राहिला आणि खुर्चीत टेकताक्षणी सुई लागली. या दोन नमुन्यांत काही टक्क्यांचा फरक नुसत्या पाण्यामुळे पडू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने रक्त घेण्याआधी पाच मिनिटं बसवून ठेवावं, अशी शिफारस केली होती. दंडाला बांधलेल्या रबरी पट्टीचंही असंच होतं. पट्टी घट्ट बांधून शीर शोधण्यात वेळ गेला तर हातातल्या रक्तातलं पाणी बाहेर ढकललं जातं. दोन मिनिटांत आकडा काही टक्के चढतो, पाच मिनिटांत १० टक्के किंवा त्याहूनही जास्त. शीर सापडत नसेल तर पट्टी सोडून दुसऱ्या हातावर बघणं, हे नमुना घेणाऱ्याच्या कसबाचं लक्षण आहे.

ट्रायग्लिसराइड्सचा हेलकावा २० टक्के का, हे खाण्यापिण्यावरून कळतं. जेवणातला मेद आतड्यातून थेट याच रूपात रक्तात येतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं, दारू घेतली, किंवा बारा तासांऐवजी आठच तास उपास झाला, तर हाच आकडा सगळ्यांत आधी उसळतो. एलडीएल आणि एचडीएलवर एका जेवणाचा परिणाम फारच थोडा होतो. डेन्मार्कमध्ये मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स जास्तीत जास्त २६ च्या आसपास वाढली आणि एलडीएल उलट ८ च्या आसपास कमी दिसलं. म्हणून २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सरसकट उपासाची अट काढून टाकायला सांगितलं. तरीही दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल, तर दोन्ही उपाशीपोटी किंवा दोन्ही जेवून, असं एक काहीतरी ठरवलेलं बरं.

तापाचं मात्र वेगळं आहे. डेंग्यूसारखा संसर्ग, मोठी शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका, असं काही झालं की एलडीएल खाली उतरतं आणि ट्रायग्लिसराइड्स वर जाऊ शकतात. हे चढउतार छोटे नसतात आणि आठवडे टिकतात. आजारातून उठल्या उठल्या केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल छान दिसलं म्हणून गोळी बंद करणारे लोक आहेत. ते पाहून खरंच काळजी वाटते. तो आकडा त्यांच्या हृदयाची स्थिती सांगत नव्हता, नुकत्याच संपलेल्या तापाची खूण होता.

हा झाला शरीराचा हेलकावा. दुसरा यंत्राचा. एकच नमुना एकाच लॅबमध्ये दहा वेळा तपासला तरी दहा आकडे अगदी सारखे येत नाहीत. रसायनाची नवी बाटली उघडली, यंत्राचं अंशांकन नव्याने झालं, की आकडा थोडा सरकतो. चांगल्या लॅबने हे सरकणं एकूण कोलेस्टेरॉलमध्ये ३ टक्क्यांच्या आत, एलडीएल आणि एचडीएलमध्ये ४ टक्क्यांच्या आत आणि ट्रायग्लिसराइड्समध्ये ५ टक्क्यांच्या आत ठेवावं, अशी त्याच अमेरिकी कार्यक्रमाची अपेक्षा होती. ते तपासायला लॅब रोज ठरावीक नियंत्रण-नमुने लावते, आणि बाहेरूनही परीक्षा होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून देशभरातल्या लॅबना ठरावीक काळाने नमुने जातात. लॅब आपले आकडे कळवते आणि इतर लॅबच्या तुलनेत ती कुठे आहे हे तिला समजतं.

एलडीएलच्या बाबतीत इथे आणखी एक गुंतागुंत आहे. बऱ्याच रिपोर्टांवरचं एलडीएल मोजलेलं नसतं, हिशेबाने काढलेलं असतं. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन या अमेरिकी संशोधकांनी एक सोपं सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा, उरेल ते एलडीएल. आपल्या गृहस्थांचे मार्चचे आकडे घ्या. २०४ उणे ४४ उणे ३२, बरोबर १२८. जूनमध्ये २२९ उणे ४० उणे ४७, बरोबर १४२. सूत्र उपयोगी आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या मोजण्यांमधली चूक एकाच आकड्यात उतरते. एकूण कोलेस्टेरॉल मोजताना ३ टक्के चूक झाली तर २२९ वर ती ७ अंकांची होते. ते ७ अंक जसेच्या तसे एलडीएलमध्ये येतात, आणि १४२ वर ७ म्हणजे ५ टक्के. त्यात पाचवा भाग हे गृहीतकही सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की हे सूत्र वापरायचंच नाही, असं सूत्रकारांनीच सांगून ठेवलं आहे.

२०१३ मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी पाच ऐवजी बदलता भाजक सुचवला. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून आणखी एक सूत्र आलं. काही लॅब एलडीएल थेट रसायनाने मोजतात. म्हणजे एकाच नमुन्यातल्या एकाच एलडीएलचे, नुसती पद्धत बदलली म्हणून, काही अंकांनी वेगळे आकडे निघू शकतात. ट्रायग्लिसराइड्स चढलेली असतील तेव्हा हा फरक जास्त दिसतो. रिपोर्टवर एलडीएलच्या शेजारी किंवा खाली बारीक अक्षरात ‘कॅल्क्युलेटेड’ किंवा ‘डायरेक्ट’ असं लिहिलेलं असतं. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवताना पहिल्यांदा तेच वाचावं. मार्चचं एलडीएल एका लॅबने हिशेबाने काढलेलं आणि जूनचं दुसरीने थेट मोजलेलं असेल, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

आता गणित. शरीराचा हेलकावा ८.३ टक्के, यंत्राचा ४ टक्के. दोन्ही मिळून किती? सरळ बेरीज १२.३ होईल, पण हे दोन हेलकावे एकमेकांवर अवलंबून नाहीत. कधी दोन्ही एकाच दिशेला जातात, कधी एकमेकांना खोडतात. म्हणून त्यांची बेरीज शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयासारखी होते: दोघांचा वर्ग करायचा, वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ९.२. यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. यंत्र पूर्ण निर्दोष झालं, त्याची चूक शून्यावर आली, तरी ९.२ चे फक्त ८.३ होतील. महागड्या लॅबमध्ये गेल्याने हा हेलकावा जाणार नाही, कारण त्याचा मोठा भाग दंडाच्या आतच आहे.

पुढची पायरी. आपण दोन आकड्यांची तुलना करतो आणि ते दोन्ही हलत असतात. पहिला खाली पडला आणि दुसरा वर गेला असंही होतं. त्यामुळे दोन आकड्यांमधल्या फरकाचा हेलकावा एकट्या आकड्याच्या हेलकाव्याच्या १.४१ पट असतो. आणि १०० पैकी ९५ वेळा नुसत्या चढउताराने पडणारा फरक ज्याच्या आत राहील अशी रेघ हवी असेल, तर त्याला आणखी १.९६ ने गुणायचं. दोन्ही मिळून २.७७. सूत्र असं होतं:

RCV = 2.77 × √(CVi² + CVa²)

CVi म्हणजे शरीराचा हेलकावा, CVa यंत्राचा. उत्तराला प्रयोगशाळेतले लोक रेफरन्स चेंज व्हॅल्यू म्हणतात. १९८३ मध्ये हॅरिस आणि यासाका यांनी ही कल्पना मांडली आणि पुढे स्कॉटलंडच्या कॅलम फ्रेझर यांनी ती जगभरच्या लॅबपर्यंत नेली. एलडीएलसाठी उत्तर येतं सुमारे २५ टक्के. एकूण कोलेस्टेरॉलसाठी सुमारे १७, एचडीएलसाठी सुमारे २०. ट्रायग्लिसराइड्ससाठी सूत्र ५७ देतं, पण एवढा मोठा हेलकावा वर आणि खाली सारखा पसरत नाही. नेमका हिशेब केला तर वर जाताना साधारण ७५ टक्के आणि खाली येताना साधारण ४३ टक्के, अशी ती रेघ पडते.

आता साताऱ्याच्या गृहस्थांकडे परत जाऊ. एलडीएल ११ टक्के वाढलं, रेघ २५ वर. एकूण कोलेस्टेरॉल १२ टक्के वाढलं, रेघ १७ वर. एचडीएल ९ टक्के घटलं, रेघ २० वर. ट्रायग्लिसराइड्सची ४७ टक्के वाढ बघून धडकी भरते, पण तीही ७५ च्या आतच आहे. एकही आकडा रेघ ओलांडत नाही. एलडीएलपुरतं बोलायचं तर, काहीही न बदललेल्या माणसाचे असे दोन रिपोर्ट घेतले, तर १० पैकी ४ जोड्यांत एवढा किंवा याहून मोठा फरक आपोआप दिसेल, कधी वर, कधी खाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फरक रेघेच्या आत आहे याचा अर्थ बदल झालाच नाही असा होत नाही. झाला की नाही ते या दोन आकड्यांतून दिसत नाही, एवढाच. कदाचित पथ्याने गृहस्थांचं एलडीएल खरोखर उतरलंही असेल. घरगुती खाण्यात केलेल्या बदलांनी एलडीएल सहसा ५ ते १० टक्के खाली येतं. १२८ वर म्हणजे ६ ते १३ अंक. हेलकावा त्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे तो त्यांना गिळून टाकू शकतो आणि वर उलटा आकडा दाखवू शकतो. जूनचा रिपोर्ट बघून गृहस्थ म्हणाले, एवढं करून काय मिळालं, आणि चालणं सोडलं, तर नुकसान खरं होईल. या विषयावर लिहावंसं वाटतं ते यासाठीच. नुसत्या हलणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून माणसं चांगल्या सवयी सोडतात, किंवा त्याच्याच भरवशावर काहीतरी विकत घेऊन खातात.

विकत घेण्याची गोष्ट थोडी उलगडून सांगायला हवी. मोफत तपासणी शिबिरात शेकडो लोकांचं रक्त घेतलं आणि ज्यांचं एलडीएल १६० च्या वर आलं त्यांना बाजूला काढलं. या निवडलेल्या लोकांत दोन प्रकारची माणसं असतात. काहींची पातळी खरंच १६० च्या वर असते. काहींची १५० च्या आसपास असते, पण त्या दिवशी हेलकावा वर गेला. आपण वरच्या टोकालाच जाळं लावल्यामुळे ज्यांचा हेलकावा खाली गेला ते या गटात आलेच नाहीत. आता महिन्याभराने याच लोकांचं रक्त पुन्हा घ्या. हेलकावा पुन्हा वरच जाईल असं नाही, त्यामुळे गटाची सरासरी काही न करता खाली येते. मधल्या महिन्यात कुणी त्यांना लसणाच्या गोळ्या दिल्या असतील तर श्रेय गोळ्यांना मिळेल, कुणी काढा दिला असेल तर काढ्याला. ‘मला गुण आला, हा बघा रिपोर्ट’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, त्याचा रिपोर्ट खराच असतो. म्हणून औषधांच्या चाचणीत दुसरा गट लागतो, ज्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली जाते. त्या गटातला उतार वजा केला की उरतं ते औषधाचं काम.

हेच गणित डॉक्टरांच्या निर्णयांनाही लागू होतं, आणि तिथे ते जास्त महत्त्वाचं ठरतं. स्टॅटिन सुरू केलं तर मध्यम मात्रेनेही एलडीएल ३० टक्क्यांच्या वर उतरतं, जास्त मात्रेने निम्म्यावर येतं. हा बदल २५ च्या रेघेपलीकडे आहे, म्हणून एका तपासणीतही तो ओळखू येतो. चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात ते याच कारणाने: औषध लागू पडतंय का आणि माणूस ते घेतोय का, हे तिथे स्पष्ट दिसतं. पण नंतर मात्रा दुप्पट केली, १० च्या जागी २० केली, तर एलडीएलमध्ये फक्त आणखी ६ टक्क्यांच्या आसपास घट होते. प्रत्येक दुपटीला साधारण तेवढीच. हे ६ टक्के खरे असतात, मोठ्या चाचण्यांत दिसतात, पण एका माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या एकेका रिपोर्टमध्ये ते दिसतील अशी अपेक्षा धरता येत नाही. मात्रा वाढवूनही एलडीएल चार अंकांनी वाढलं म्हणून औषध निकामी ठरत नाही, आणि वीस अंकांनी उतरलं म्हणून ते सगळं श्रेय मात्रेचंही नसतं.

वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रावास्टॅटिनची एक मोठी चाचणी झाली होती, जवळपास ९,००० हृदयरुग्णांवर. २००८ मध्ये पॉल ग्लॅसझिऊ आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या वर्षांच्या तपासण्या घेऊन विचारलं: या माणसांचं कोलेस्टेरॉल खरंच किती सरकतं आणि किती नुसतं हलतं? उत्तर असं मिळालं की एका तपासणीतून दुसरीत दिसणारा हेलकावा ७ टक्क्यांचा होता, तर खरी सरासरी वाढ वर्षाला फक्त अर्ध्या टक्क्याची. माणसामाणसांतला खरा दीर्घकालीन बदल या हेलकाव्यापेक्षा मोठा व्हायला जवळपास चार वर्षं लागत होती. म्हणजे ज्याचं औषध बसलेलं आहे, जो ते नियमित घेतो, त्याने दर तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून जे पाहायला मिळतं ते बहुतांशी हेलकावेच असतात. ते बघून मात्रा वरखाली करत राहिलं तर आपण हेलकाव्याच्या मागे धावतो.

मग गृहस्थांनी काय करावं? पहिली गोष्ट, जूनच्या रिपोर्टवर निर्णय न घेता दोन आठवड्यांनी तिसरी तपासणी. तीच लॅब, तीच पद्धत, सकाळची तीच वेळ, तेवढाच उपास, आदल्या संध्याकाळी नेहमीचंच जेवण, आणि सुई टोचायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत बसणं. त्याच सकाळी दोनदा रक्त देऊन उपयोग नाही, कारण शरीराचा हेलकावा दिवसांच्या अंतराने दिसतो. आकडे आले असे: एकूण २१४, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड्स १७०, एलडीएल १३७. आता १२८, १४२ आणि १३७ यांची सरासरी १३६ च्या आसपास. सरासरीचा फायदा असा की तिचा हेलकावा एकट्या आकड्यापेक्षा कमी असतो. एका तपासणीवरून खऱ्या पातळीचा अंदाज वर-खाली १८ टक्क्यांनी चुकू शकतो, दोन तपासण्यांच्या सरासरीत १३ टक्क्यांनी, तिघांच्या सरासरीत सुमारे १० टक्क्यांनी. तपासण्या वाढवल्या तर अंदाज सुधारत जातो, पण हळूहळू. ५ टक्क्यांपर्यंत आणायचा तर १३ वेळा रक्त द्यावं लागेल, आणि तसं कुणी सांगणारही नाही.

तीन तपासण्यांनंतरही गृहस्थांची खरी पातळी साधारण १२२ ते १५० च्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं. १३० ची रेघ या पट्ट्याच्या आतच पडते. म्हणजे ते रेघेच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे आणखी दोन रिपोर्ट आणूनही नक्की ठरणार नाही. त्या ठळक छापलेल्या खुणेऐवजी डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब, साखर, तंबाखू, आणि वडिलांना किंवा भावाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, हे बघून गोळीचं ठरवायचं. १३६ हा आकडा त्या सगळ्यात एक नोंद म्हणून ठेवायचा.

काही आकडे मात्र हेलकावा म्हणून सोडायचे नसतात. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील, तर ती पुन्हा तपासतानाच डॉक्टरांशी बोलावं, कारण आणखी वर गेली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. एलडीएल १९० च्या वर दोनदा आलं, तर कुटुंबात चालत आलेला दोष असू शकतो आणि भावंडांची, मुलांची तपासणी करावी लागते. आणि फरक २५ टक्क्यांच्या पलीकडे गेला, किंवा तीन-चार रिपोर्ट सलग एकाच दिशेने सरकत राहिले, तर कारण शोधायचं: थायरॉइड मंदावलं आहे का, लघवीतून प्रथिनं जात आहेत का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड सुरू झालं आहे का, वजन बरंच वाढलं आहे का. स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचं एलडीएल ७५ वरून एकदम १२० वर गेलं असेल, तर या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा की गोळ्यांचं पाकीट शेवटचं कधी आणलं होतं.